पुण्याची गाडी निपाणीला विकली: एनओसीपासून केए नंबरपर्यंत

आमची २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १२ नंबरची, २०२५ च्या सुरुवातीला निपाणीच्या एका काकांना विकली. त्याच राज्यात गाडी विकणं आणि दुसऱ्या राज्यात विकणं यात किती फरक आहे ते तेव्हा कळलं, आणि मराठीत कुठे सलग लिहिलेलं सापडलं नाही म्हणून सगळं क्रमानं लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. एनओसी म्हणजे ट्रान्सफर नाही. एनओसी म्हणजे आपलं आरटीओ फक्त एवढं म्हणतं की ही गाडी आमच्या रेकॉर्डमधून त्या अमुक आरटीओकडे जायला आमची हरकत नाही. नाव बदलतं ते पलीकडच्या आरटीओत, आणि तोपर्यंत मालक म्हणून आपलंच नाव लागलेलं असतं. पैसे मिळाले, एनओसी हातात दिली, चला सुटलो असं समजून लोक विसरून जातात आणि खरा धोका तिथेच आहे. सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात गाडी पहिल्यांदा २००७ ला विकली गेली, पुढे आणखी हात बदलले, २००९ ला अपघात झाला, गाडीचा इन्शुरन्स नव्हता, आणि रजिस्ट्रेशन अजून पहिल्याच मालकाच्या नावावर होतं. कोर्टानं सांगितलं की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. हे वाचल्यावर मी ठरवलं की केए नंबरची आरसी बघितल्याशिवाय फाइल बंद करायची नाही.

व्यवहार ठरला ८ फेब्रुवारीला. काका गाडी बघून गेले, दहा हजार टोकन दिलं. ओळखीच्या एका एजंटला विचारलं तर त्यानं साडेसात हजार सांगितले आणि वर फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी विकल्याची सूचना आणि नाव बदलायचा अर्ज, कोरे सह्या करून मागितले. पैशापेक्षा मला ते कोरं सही करणंच पटलं नाही. कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे खरेदीदाराचं नाव आणि तारीख कोण काय भरेल ते आपल्या हातात राहत नाही, गाडी मधल्यामधे तिसऱ्याला विकली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून स्वतःच करायचं ठरवलं.

पहिलं काम म्हणजे parivahan.gov.in वर गाडीची कुंडली बघणं. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की सर्व्हिसेस उघडतात. तिथं तीन गोष्टी दिसल्या. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना होता, तो बदलल्याशिवाय ओटीपी येणार नाही आणि पुढे काहीच सरकणार नाही. दुसरं, दोन ई-चलान बाकी होती, दोन्ही स्टॉप लाइनची, पाचशे पाचशेची, त्यातलं एक मला माहीतही नव्हतं. चलान भरून टाकली, पण भरल्याबरोबर पोर्टलवर क्लिअर दिसतीलच असं नाही, त्यामुळे हे काम अगदी पहिल्याच दिवशी उरकून टाका. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवर कर्ज असल्याची नोंद, अजून होतं. कर्ज २०२१ लाच फिटलं होतं, बँकेचं नो ड्यूजचं पत्रही घरात होतं, पण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जातंच असं नाही. ते एचपी म्हणजे हायपोथिकेशन टर्मिनेशनचा अर्ज करून काढायला लागतं आणि त्याला बँकेनं सही-शिक्का करून दिलेला फॉर्म ३५ लागतो.

आमच्याकडचा फॉर्म ३५ चार वर्षांपूर्वीचा होता आणि बँकेच्या पत्रावरच छापलेलं होतं की हे नव्वद दिवसांसाठी ग्राह्य. म्हणजे नवीन आणणं आलं. बँकेचं नाव लिहीत नाही, पण शाखेत सांगितलं हे सेंट्रल ऑफिसमधून येतं, सेंट्रल ऑफिसचा फोन म्हणे शाखेत द्या अर्ज, शाखेत परत गेले तर कर्ज खातं बंद आहे म्हणून सिस्टिममध्ये दिसत नाही. शेवटी लोन अकाउंट नंबर, जुन्या पत्राची प्रत आणि आरसीची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, आणि त्याच पोचेचा फोटो लावून बँकेच्या तक्रार विभागाला मेल केला तेव्हा २७ फेब्रुवारीला नवा फॉर्म ३५ दोन प्रतींत मिळाला. या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त मनस्ताप झाला तो इथेच. गाडी विकायचा विचार नुसता डोक्यात आला असेल तरी आधी आरसी काढून बघा की मागे हायपोथिकेशन आहे का, कारण हे काम खरेदीदार दारात उभा असताना करायला फार जीव टांगणीला लागतो. काका बिचारे समजूतदार होते, पण दर दोन दिवसांनी फोन यायचाच, "ताई, झालं का ओ कागदाचं?"

कर्ज अजून चालू असेल तर रस्ता वेगळा आहे. एनओसीचा अर्ज म्हणजे फॉर्म २८, त्यातच फायनान्स देणाऱ्याच्या संमतीची जागा असते, तिथं बँकेची सही घेऊन एनओसी मागता येते. पण फिटलेलं कर्ज असेल तर आधी नाव काढून मग एनओसी हेच सरळ.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एचपी टर्मिनेशनचा अर्ज टाकला. आधार व्हेरिफिकेशन केलं तर बरंच काम घरबसल्या होतं, पण माझ्या आरसीवर नाव आडनाव आणि आद्याक्षरं असं आहे आणि आधारवर पूर्ण नाव, त्यामुळे ते जुळलं नाही. मग आधारशिवायचा पर्याय घेऊन ऑनलाइन फी भरली, फॉर्म प्रिंट केले आणि फाइल घेऊन संगम पुलाजवळ आरटीओत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी फाइल चाळली, फॉर्म ३५ वरचा शिक्का आणि तारीख बघितली आणि ठेवून घेतली. नवीन आरसी, बँकेचं नाव नसलेली, स्पीड पोस्टनं २० मार्चला घरी आली. पोस्टमन येईल तेव्हा घरी कुणीतरी असू द्या, कार्ड परत गेलं तर ते शोधायचं काम वेगळंच होऊन बसतं. सरकारी फीचं म्हणाल तर ती पोर्टलवर अर्ज करतानाच दिसते आणि तिथेच भरायची, आणि दोन्ही अर्जांची मिळून ती एजंटच्या आकड्याच्या आसपासही नव्हती.

आता एनओसी. इथं एक गोष्ट अशी झाली की ती आधी कळली म्हणून वाचलो. अर्जात गाडी कोणत्या राज्यात आणि कोणत्या आरटीओत जाणार ते निवडायला लागतं. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "बेळगावच लावा की ताई, जिल्हा बेळगावच आहे आमचा." बरोबरच होतं त्यांचं, पण बेळगाव जिल्ह्यात आरटीओ एक नाही. बेळगाव शहराचं केए २२, चिकोडीचं केए २३, बैलहोंगलचं केए २४, गोकाकचं केए ४९. मी त्यांना आधारचा फोटो पाठवायला सांगितलं, पत्ता निपाणीचा, आणि निपाणी येतं चिकोडीकडे. एनओसी ज्या आरटीओच्या नावानं निघते तिथेच ती चालते. बेळगावच्या नावानं काढली असती तर चिकोडीवाल्यांनी ती घेतली नसती, मग पुण्यात येऊन ती रद्द करा, त्यासाठी तिकडे गाडी नोंदवलेली नाही असं पत्र आणा, आणि मग पुन्हा नव्यानं अर्ज. म्हणून खरेदीदाराच्या जिल्ह्यावर जाऊ नका, ज्या पत्त्याच्या पुराव्यावर तो तिकडे गाडी नावावर करणार आहे तो कागद डोळ्यांनी बघा आणि त्या गावाचं आरटीओ कोणतं ते त्याला तिथल्या ऑफिसात विचारून घ्यायला सांगा. काका स्वतः चिकोडीला जाऊन विचारून आले, तेव्हाच तिकडे काय काय कागद लागतील त्याची यादी पण घेऊन आले, ते फार बरं झालं.

फॉर्म २८ च्या प्रती काढल्या. यावर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो आणि पहिल्यांदा करताना तो नीट येत नाही. आमच्या गाडीत नंबर बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर कोरलेला आहे, त्यावर नऊ वर्षांची धूळ आणि तेलकट थर. आधी फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसून घेतलं, मग मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून आकड्यांवर घासली, वर पारदर्शक सेलोटेप चिकटवून बोटानं दाबली आणि अलगद उचलली. टेपवर सगळे सतरा आकडे-अक्षरं उमटतात, ती टेप तशीच फॉर्मवर चिकटवायची. कागद ठेवून घासण्यापेक्षा हे कितीतरी स्पष्ट येतं. एक्स्ट्रा दोन-तीन टेप काढून प्लास्टिकच्या फाइलवर चिकटवून ठेवल्या, कारण पुढे काकांनाही तिकडच्या फॉर्मसाठी लागणार होत्या.

सोबत जोडलं ते असं: आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, माझा पत्त्याचा पुरावा, चलान भरल्याच्या पावत्या, आणि गाडी चोरीच्या रेकॉर्डमध्ये नाही असा एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या विभागाचा रिपोर्ट, तो ऑनलाइनच निघतो. हा रिपोर्ट का मागतात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ मध्येच लिहिलंय की एनओसी देण्याआधी चोरीची केस नाही आणि सरकारचा टॅक्स वगैरे काही बाकी नाही हे आरटीओनं बघायचं. त्याच कलमात असंही आहे की अर्जावर तीस दिवसांत एनओसी द्यायची किंवा नाकारायची, नाकारली तर कारण लेखी कळवायचं, आणि काहीच कळवलं नाही तर एनओसी दिली असं मानायचं. म्हणून अर्ज जमा केल्याची पावती तारखेसकट जपून ठेवा. मला त्याची गरज पडली नाही. २४ मार्चला फाइल जमा केली, मधे मार्च एंडची गर्दी आणि पाडवा, ईदच्या सुट्ट्या आल्या, आणि ४ एप्रिलला एनओसी हातात आली. घरी येऊन नाही, तिथेच उभं राहून तपासली: गाडी नंबर, चासी, इंजिन नंबर, माझं नाव, आणि चिकोडी. त्या दिवसापासून पोर्टलवर गाडीचं स्टेटस "NOC ISSUED" दिसायला लागलं. एकदा हे झालं की आपल्या आरटीओत त्या गाडीची बाकी कामं थांबतात, म्हणून मोबाइल नंबर, पत्ता, हायपोथिकेशन जे काही असेल ते आधीच करून घ्यायचं.

गाडी द्यायचा दिवस रविवारचा ठरला. काका त्यांच्या पुतण्याला घेऊन सकाळीच आले. पुतण्या म्हणाला, बारा महिने एमएचच्या नंबरवर चालवता येते, एवढी घाई काय. हे अर्धवट खरं आहे. बारा महिन्यांची मुभा कलम ४७ ची, ती स्वतःची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या माणसासाठी. मालकच बदलला की कलम ५० लागतं, त्यात घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं आणि दुसऱ्या राज्यात देणाऱ्यानं पंचेचाळीस दिवसांत. मी प्रिंट काढूनच ठेवली होती, ती काकांना दाखवली. काका पुतण्याला म्हणाले, "उद्याच चिकोडीला जायचं."

फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, सगळे रकाने भरून, काकांचं नाव, पत्ता, तारीख घालून मगच सही केली आणि सगळ्याचे फोटो काढून ठेवले. फॉर्म २९ ची एक प्रत मी पुण्यातल्या आरटीओत देऊन पोच घेतली. सोबत एक डिलिव्हरी नोट केली, त्यात तारीख आणि वेळ, सकाळी ११.२०, किलोमीटरचं रीडिंग, आणि या वेळेनंतरचे चलान, अपघात, टोल सगळं घेणाऱ्याकडे असं दोघांच्या सह्यांनी. कायद्यानं रेकॉर्डवर माझंच नाव राहणार होतं हे खरं, तरी उद्या काही झालं तर निदान गाडी कुणाच्या ताब्यात होती त्याचा कागद हातात. आणि एक गोष्ट काकांनीच मान्य केली: पूर्ण किमतीवर त्यांनी दहा हजार डिपॉझिट म्हणून ठेवले, केए नंबरची आरसी दाखवली की परत. कुणी राजी असेल तर हे जरूर करा, पाठपुरावा करायला दोन्हीकडून बरं पडतं.

फास्टॅग माझ्या खात्याला जोडलेला होता. त्या दिवशी तो तसाच राहू दिला, त्यात पुरते पैसे ठेवले आणि काकांकडून घेतले, कारण नवीन टॅग लगेच निघणार नव्हता. दुपारभर मेसेज येत होते, खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि शेवटी कोगनोळी. कोगनोळीचा मेसेज आला, काकांचा पोचल्याचा फोन आला आणि मी बँकेला सांगून टॅग बंद करून टाकला. तो चालू ठेवला असता तर त्यांचा टोल माझ्या खात्यातून जात राहिला असता.

इन्शुरन्सचं वेगळं आहे. गाडी विकली की थर्ड पार्टी कव्हर घेणाऱ्याकडे गेलं असं कायदा मानतो, कलम १५७, पण घेणाऱ्यानं चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर मात्र आपोआप जात नाही. काकांनी फॉर्म २९-३० च्या प्रती देऊन पॉलिसी नावावर करून घेतली. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यामुळे माझा पन्नास टक्के बोनस माझ्याकडेच राहिला आणि तेवढा फरक काकांना भरायला लागला. बोनसचं पत्र कंपनीकडून मागून घ्या, तीन वर्षांत नवीन गाडी घेतली तर ते चालतं.

चिकोडीला अर्ज १५ एप्रिलच्या सुमारास गेला. तिकडे फॉर्म २७ म्हणजे नवीन नंबरसाठीचा अर्ज, सोबत एनओसी, मूळ आरसी, २९, ३०, आणि गाडी तपासायला न्यावी लागते. खर्चाचा मोठा भाग मात्र कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. आपण पुण्यात गाडी घेताना पंधरा वर्षांचा एकरकमी टॅक्स भरलेला असतो, तो महाराष्ट्राला. कर्नाटकला तो वेगळा भरायचा, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो पण हिशोब धरतात मूळ किमतीवर, आपण विकली त्या किमतीवर नाही. म्हणून मूळ खरेदीचं बिल लागतं. माझ्या फाइलमध्ये २०१६ चं शोरूमचं बिल होतं, ते मी स्कॅन करून पाठवलं. दुसऱ्या राज्यातला गिऱ्हाईक भाव पाडून का मागतो ते यावरून कळतं, त्याच्या डोक्यात हा टॅक्स असतो. किंमत ठरवतानाच तो आकडा दोघांनी मिळून काढला तर नंतर कुरबूर होत नाही.

मे महिना पूर्ण वाट बघण्यात गेला. मी मधूनमधून माझ्या नंबरवर नवीन चलान आलंय का ते बघत होते, रात्री झोपताना सुद्धा एकदा चेक व्हायचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकांनी व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला, केए २३ ची आरसी, त्यांचं नाव. मी पोर्टलवर नवीन नंबर टाकून खात्री केली, चासीचे शेवटचे पाच आकडे जुळवले आणि त्याच संध्याकाळी डिपॉझिट परत पाठवलं.

आता राहिला टॅक्सचा परतावा. महाराष्ट्राला भरलेल्या एकरकमी टॅक्समधला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण गाडी दुसऱ्या राज्यात नोंदली गेल्यावरच, आणि अर्ज मूळ आरटीओत करायचा. आरसी आणि टॅक्सची पावती असते खरेदीदाराकडे आणि अर्ज करायचा पुण्यात, म्हणून बरेच जण सोडून देतात. आम्ही विक्रीच्या कागदावरच लिहून ठेवलं होतं की काकांनी नवीन आरसीची आणि कर्नाटकच्या टॅक्स पावतीची प्रत पाठवायची, अर्ज मी करायचा आणि येईल ती रक्कम निम्मी निम्मी. एनओसीची प्रत मी आधीच काढून ठेवली होती, मूळ तर चिकोडीत जमा झाली. जुलैत हे सगळं आणि बँक खात्याचा रद्द केलेला चेक जोडून अर्ज दिला, पोच घेतली आणि पोचेचा फोटो काकांना पाठवला.